बॅकस्पेस का चालेना? रिलीज नोट्सचा सारांश सामान्य वापरकर्त्यासाठी कसा करावा

23 मार्च 2021 रोजी फायरफॉक्स या ब्राउझरची 87 वी आवृत्ती आली. तिच्याबरोबर मोझिलाने नेहमीप्रमाणे रिलीज नोट्स, म्हणजे या आवृत्तीत काय काय बदलले याची नोंद, प्रसिद्ध केली. नोंदीच्या सुरुवातीला ट्रॅकर अडवताना पाने बिघडू नयेत यासाठी केलेल्या एका नव्या तंत्राचे वर्णन होते, त्यानंतर इतर नव्या गोष्टी आणि दुरुस्त्या होत्या, आणि त्यांच्याही खाली, 'चेंज्ड' या शीर्षकाखाली, एक लहानसा परिच्छेद होता. बॅकस्पेसचे बटण दाबून मागच्या पानावर जाण्याची सोय आता बंद केली आहे, असे त्यात म्हटले होते. ज्यांचा हात वर्षानुवर्षे बॅकस्पेसवर जात होता त्यांना अपडेटच्या पहिल्याच दिवशी जाणवणारी गोष्ट नेमकी हीच होती, आणि ती नोंदीच्या तळाशी होती.

मोझिलाने यात काही लपवले नव्हते. रिलीज नोट्स लिहिणारे लोक ते सॉफ्टवेअर घडवणारे असतात, आणि त्यांनी केलेली वर्गवारी कामाच्या स्वरूपावरून ठरते. नवे काम केले तर ते 'न्यू', चूक सुधारली तर 'फिक्स्ड', असलेल्या वागणुकीत फेर केला तर 'चेंज्ड', आणि संकेतस्थळे बनवणाऱ्यांसाठी व मोठ्या संस्थांसाठी वेगळे भाग. कार्यालयात, संस्थेत किंवा घरातल्या मंडळींसाठी अशा नोंदीचा सारांश करण्याचे काम ज्याच्याकडे येते त्याला मात्र दुसरी वर्गवारी करावी लागते, कारण वाचणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. आता मला असे काय करता येईल जे काल येत नव्हते? माझी कोणती अडचण दूर झाली? आणि काल मी जे न पाहता, सवयीने करत होतो, त्यातले काय आज तसेच चालणार नाही? नवे, दुरुस्त झालेले आणि सवय मोडणारे असे हे तीन कप्पे आहेत. मूळ शीर्षके आणि हे कप्पे वरवर सारखे दिसतात, त्यामुळे 'न्यू'मधले सगळे पहिल्या कप्प्यात आणि 'चेंज्ड'मधले सगळे तिसऱ्यात टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे केल्यास सारांश फक्त मूळ नोंदीची छोटी प्रत होतो. फायरफॉक्स 87 च्या नोंदी एकेक करून पाहिल्या की हे स्पष्ट होते.

पहिली नोंद 'स्मार्टब्लॉक'ची. फायरफॉक्सच्या खासगी विंडोत, तसेच ट्रॅकिंगपासून संरक्षणाची 'स्ट्रिक्ट' ही कडक पातळी निवडली असल्यास, वापरकर्त्याचा माग काढणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या स्क्रिप्ट ब्राउझर उतरवूनच घेत नाही. अडचण अशी की काही पाने त्या स्क्रिप्टची वाट पाहत बसतात, आणि ती आली नाही तर चित्रे दिसत नाहीत, बटणे चालत नाहीत, कधी पूर्ण पानच रिकामे राहते. स्मार्टब्लॉक अशा वेळी ब्राउझरमध्येच ठेवलेली एक बदली स्क्रिप्ट पानाच्या हवाली करतो. ती माग काढत नाही, पण पानाला हवे तेवढे उत्तर देते आणि पान पुढे सरकते. मोझिलाने ही नोंद 'न्यू'मध्ये ठेवली आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण यंत्रणा नवी आहे. वापरकर्त्याला मात्र यातून नवे काही करता येत नाही. दाबायला बटण नाही, उघडायला मेनू नाही. त्याच्या बाजूने ही एक दुरुस्ती आहे, आणि सारांशात ती दुसऱ्या कप्प्यात अशी येईल: 'खासगी विंडोत किंवा कडक संरक्षण लावल्यावर जी काही पाने अर्धवट उघडत होती, त्यांतली बरीच आता नीट उघडतील.' इथे 'खासगी विंडोत किंवा कडक संरक्षण लावल्यावर' ही अट गाळता येत नाही. जो नेहमीच्या विंडोत, मूळ सेटिंग न बदलता काम करतो, त्याच्यासाठी यात काहीच बदललेले नाही, आणि अट गळाली तर तो उगीच कुठल्या तरी बिघडलेल्या पानावर जाऊन सुधारणा शोधत बसेल.

दुसरी नोंद 'रेफरर'बद्दल आहे. एका पानावरील दुव्यावर क्लिक करून आपण दुसऱ्या संकेतस्थळावर जातो तेव्हा आपण कुठून आलो हे ब्राउझर त्या दुसऱ्या संकेतस्थळाला कळवतो. पूर्वी सर्वसाधारणपणे मूळ पानाचा पूर्ण पत्ता जात असे, म्हणजे कोणता विभाग, कोणते पान, आणि पत्त्याच्या शेपटीत शोधशब्द असतील तर तेही. 87 पासून दुसऱ्या संकेतस्थळाला फक्त मूळ संकेतस्थळाचे नाव कळते, पुढचा पत्ता छाटला जातो. हीसुद्धा 'न्यू'खाली होती. सारांश करणाऱ्याने इथे एका छोट्या शब्दाकडे लक्ष द्यायला हवे. मूळ नोंदीत हे धोरण 'डिफॉल्ट' म्हणून बदलले आहे असे लिहिलेले होते. एखाद्या संकेतस्थळाने स्वतःच्या पानांसाठी वेगळे धोरण ठरवले असेल तर ते लागू होते. त्यामुळे 'आता तुम्ही कुठून आलात हे कोणालाही कळणार नाही' हे वाक्य दोनदा चुकीचे आहे: संकेतस्थळाचे नाव अजूनही कळते, आणि छाटणीही प्रत्येक वेळी होईलच असे नाही. सारांशात माहिती गळणे अपरिहार्य असते, पण गळताना पहिल्यांदा अटी गळतात आणि अट गळाली की साधी सुधारणा आश्वासन होऊन बसते. म्हणून मी हे वाक्य असे ठेवीन: 'दुव्यावरून दुसऱ्या संकेतस्थळावर जाताना, आधीच्या पानाचा पूर्ण पत्ता आता सहसा पुढे कळवला जात नाही, तुम्हाला काही करावे लागत नाही.' शेवटचे पाच शब्द अनेकांना फालतू वाटतील, पण तांत्रिक बदल वाचल्यावर सामान्य माणूस प्रथम हेच विचारतो.

पुढची नोंद खरोखरच पहिल्या कप्प्यातली आहे. पानात एखादा शब्द शोधून 'हायलाइट ऑल' निवडले की तो शब्द पानात कुठे कुठे आहे याच्या खुणा आता उजवीकडच्या स्क्रोलबारलगत दिसतात. लांबलचक पानात शब्दांची दाटी कुठे आहे ते एका नजरेत कळते. ही गोष्ट लहान आहे, दिसणारी आहे आणि लगेच करून पाहता येते. तिला एक वाक्य पुरे. मॅक संगणकावरील 'व्हॉइसओव्हर' या पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीला मिळालेला पूर्ण पाठिंबा याच्या उलट आहे. बहुतेकांना त्याचा संबंध नाही, पण ज्यांचा आहे त्यांच्यासाठी या आवृत्तीतली सर्वांत मोठी बातमी तीच आहे. अशी नोंद गाळायची नसते. वाक्याच्या सुरुवातीलाच ती कोणासाठी आहे हे सांगायचे, म्हणजे बाकीचे पुढे जातात. याच भागात सिलेशियन भाषेतील आवृत्ती उपलब्ध झाल्याचेही लिहिले होते. आपल्या वाचकांत ती भाषा वापरणारे कोणी नसेल तर ती ओळ निःशंकपणे सोडावी.

'फिक्स्ड' या भागात व्हिडिओ आणि ऑडिओची नियंत्रणे आता कीबोर्डने चालवता येतात, व्हिडिओच्या नियंत्रणांपैकी आपण कोणत्या बटणावर आहोत ते ठळक दिसते, ॲड-ऑनच्या पानावर गेल्यावर कर्सर योग्य ठिकाणी असतो, अशा चार-पाच सुगम्यतेच्या नोंदी होत्या. त्यातली एक तर केवळ प्रोग्रामरला समजेल अशा भाषेत होती. या सगळ्या नोंदींचा एकच वाचक आहे, माऊसऐवजी कीबोर्डने किंवा स्क्रीन रीडरने काम करणारा, म्हणून त्यांचे एक वाक्य करता येते. पण व्हिडिओच्या नियंत्रणांबाबत थोडे थांबावे. काल जो माणूस कीबोर्डने व्हिडिओ थांबवू शकत नव्हता तो आज थांबवू शकतो. घडवणाऱ्याच्या लेखी ही दुरुस्ती, त्याच्या लेखी ही नवी सोय. मी ती पहिल्या कप्प्यात हलवीन.

त्याच भागात सुरक्षेच्या दुरुस्त्यांचीही एक ओळ असते, आणि तपशील वेगळ्या यादीत दिलेला असतो. ती यादी सामान्य वाचकाला देण्यात अर्थ नाही. संगणकाच्या स्मृतीच्या वापरातल्या कोणत्या चुकीतून काय घडू शकते हे वाचून त्याला करण्यासारखे काही उरत नाही. मात्र अपडेट लांबणीवर का टाकू नये याचे खरे कारण याच ओळीत असते, कारण दुरुस्ती प्रसिद्ध झाली की आधीच्या आवृत्तीतली उणीव कुठे होती याचा मागही इतरांना मिळतो. एक वाक्य पुरे, पण ते हवेच. तिसऱ्या कप्प्याचे महत्त्व वाढते तेही याच कारणाने. हातची सवय अचानक मोडली आणि का मोडली ते कोणी सांगितले नाही, तर वैतागलेला माणूस पुढच्या वेळी अपडेट बंद करून ठेवतो, आणि त्याच्याबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात.

आता बॅकस्पेसकडे. मोझिलाने दिलेले कारण असे होते की फॉर्म भरताना वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर हरवू नये. हे एका वाक्यात सांगून भागत नाही, कारण ज्याला बॅकस्पेसची सवय आहे त्याला आपली सोय आणि फॉर्म यांचा संबंध लगेच लागत नाही. बॅकस्पेस हे बटण दोन कामे करत होते. कर्सर लिहिण्याच्या चौकटीत असेल तर ते एक अक्षर खोडायचे, आणि चौकटीबाहेर असेल तर ब्राउझरला मागच्या पानावर न्यायचे. दोन्ही वेळी बटण तेच, दाबणेही तेच. फरक फक्त कर्सर कुठे आहे याचा, आणि तो चौकटीतून निसटल्याचे अनेकदा लक्षातच येत नाही. लांब फॉर्म भरताना एखादे अक्षर चुकले म्हणून बॅकस्पेस दाबावा आणि पूर्ण पानच निघून जावे, पुन्हा आल्यावर रकाने रिकामे असावेत, हा अनुभव बऱ्याच लोकांनी घेतलेला आहे. गूगल क्रोमने याच कारणाने 2016 मध्ये आपल्या 52 व्या आवृत्तीत ही सोय काढली होती. म्हणजे फायरफॉक्सचा निर्णय एकाकी किंवा लहरी नव्हता, आणि सारांशात हे कारण थोडक्यात सांगितले तर वाचकाचा निम्मा राग तिथेच उतरतो.

सवय मोडणारी नोंद लिहिताना मी वाचकाला जे दिसेल तिथून सुरुवात करतो. 'बॅकस्पेसचे मार्गक्रमण अक्षम केले आहे' असे वाक्य बरोबर असूनही निरुपयोगी आहे, कारण ज्याच्याबाबत ते घडले त्याच्या मनात हे शब्द नसतात. त्याच्या मनात 'बॅकस्पेस दाबतोय पण काहीच होत नाही, कीबोर्ड बिघडला की काय' हे असते. तेव्हा आधी लक्षण, मग पूर्वी काय व्हायचे आणि आता काय होते, मग कारण, आणि शेवटी त्याऐवजी काय करायचे. शेवटच्या भागात दोन वाटा असतात आणि त्या वेगळ्या ठेवाव्यात. एक वाट नवी सवय लावण्याची: विंडोज आणि लिनक्सवर ऑल्ट धरून डावा बाण, मॅकवर कमांड धरून डावा बाण. दुसरी वाट जुनी वागणूक परत आणण्याची. मोझिलाने तीही नोंदीतच दिली होती. पत्त्याच्या पट्टीत `about:config` लिहून एंटर दाबायचे, येणारी सूचना वाचून पुढे जायचे आणि खालील मूल्य लावायचे:

```
browser.backspace_action = 0
```

या सेटिंगचे 0 हे मूल्य मागच्या पानावर नेते, 1 पान सरकवते आणि 2 असेल तर काहीच होत नाही. 87 मध्ये मूळ मूल्य 2 झाले. सारांशात मी नवी सवय आधी सांगेन आणि ही दुसरी वाट नंतर, तीही दोन अटींसह. मूल्य 0 केले की फॉर्म हरवण्याचा धोका जसाच्या तसा परत येतो, ही पहिली अट. दुसरी अशी की `about:config` मधल्या सेटिंग नेहमीच्या पसंतीच्या पानावर नसतात, आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत त्या काढून टाकल्या तर त्याची वेगळी दवंडी पिटली जाईलच असे नाही. तरीही ही वाट लपवू नये, असे माझे मत आहे. कित्येक सारांश लिहिणारे 'लोक उगीच काहीतरी करून ठेवतील' म्हणून ती गाळतात, आणि मग लोक तीच गोष्ट कुठल्या तरी अर्धवट माहितीच्या पानावरून शोधून काढतात.

यात आणखी एक तपासणी राहते: हा बदल नेमका कोणासाठी आहे? मूळ नोंद वाचली तर तो सर्वांसाठी आहे असे वाटते. प्रत्यक्षात लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये या सेटिंगचे मूळ मूल्य फार आधीपासून 2 होते, म्हणजे तिथे बॅकस्पेसने मागे जाण्याची सोय मुळातच चालू नव्हती. बदल विंडोज आणि मॅक वापरणाऱ्यांना जाणवला. आपल्या संस्थेत सगळे संगणक लिनक्सवर असतील तर ही नोंद सारांशात घेणेच चूक ठरले असते, कारण जी सवय कोणाला नव्हती ती मोडल्याची सूचना वाचून लोक गोंधळतात. हे नोंद वाचून कळत नाही. त्यासाठी वाचक वापरतात तशा एका संगणकावर जुनी आवृत्ती आणि एकावर नवी आवृत्ती ठेवून ती कृती दोन्हीकडे करून पाहावी लागते. तिसऱ्या कप्प्यातल्या प्रत्येक नोंदीसाठी ही मेहनत घ्यावी. बाकीच्या दोन कप्प्यांसाठी नाही घेतली तरी चालते.

'चेंज्ड'मध्ये आणखी दोन नोंदी होत्या. 'लायब्ररी' मेनूतून सिंक केलेले टॅब, अलीकडचे हायलाइट आणि नंतर वाचायची पाने साठवणाऱ्या पॉकेट या सेवेची यादी हे पर्याय काढले होते, कारण ते फारसे वापरले जात नव्हते किंवा ब्राउझरमध्ये इतर ठिकाणाहूनही मिळत होते. 'काढले' आणि 'दुसरीकडे मिळते' यांत वाचकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सारांशात 'काढले' एवढेच लिहिले तर साठवलेला मजकूरच गेला असे समजून कोणी घाबरेल. इथे नवी जागा स्वतः उघडून पाहून तिचे नाव पडद्यावर दिसते तसेच्या तसे लिहायचे. दुसरी नोंद 'हेल्प' मेनू आटोपशीर केल्याची होती. ती नगण्य वाटते, पण संस्थेत कोणी फोनवरून 'मेनूतला चौथा पर्याय दाबा' अशा पद्धतीने मदत करत असेल तर त्याला ती कळायला हवी. सगळ्यांना पाठवायच्या सारांशात तिची गरज नाही.

तर फायरफॉक्स 87 चा सारांश माझ्या हातून साधारण असा निघेल:

'आधी सवयीबद्दल. विंडोज किंवा मॅकवर बॅकस्पेस दाबून तुम्ही मागच्या पानावर जात असाल तर आता ते होणार नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही. फॉर्म भरताना चुकून मागे जाऊन मजकूर हरवू नये म्हणून हे बंद केले आहे. लिहिण्याच्या चौकटीत बॅकस्पेसने अक्षर खोडता येते, त्यात फरक नाही. मागे जाण्यासाठी ऑल्ट आणि डावा बाण, मॅकवर कमांड आणि डावा बाण. जुनी पद्धत हवीच असेल तर ती परत लावता येते. कृती खाली दिली आहे. लायब्ररी मेनूतले सिंक केलेले टॅब, हायलाइट आणि पॉकेटची यादी हे पर्याय तिथून काढले आहेत. तुमचा मजकूर सुरक्षित आहे आणि नवी जागा खाली दिली आहे.

दुरुस्त झाले: खासगी विंडोत किंवा कडक संरक्षण लावल्यावर अर्धवट उघडणारी बरीच पाने आता नीट उघडतील. सुरक्षेच्या दुरुस्त्याही आहेत, म्हणून अपडेट लांबवू नये. दुव्यावरून जाताना आधीच्या पानाचा पूर्ण पत्ता आता सहसा पुढे कळवला जात नाही. तुम्हाला काही करावे लागत नाही.

नवे: शोधलेला शब्द पानात कुठे कुठे आहे ते स्क्रोलबारलगत दिसते. कीबोर्डने काम करणाऱ्यांना व्हिडिओ आणि ऑडिओ कीबोर्डनेच चालवता येतील. मॅकवर व्हॉइसओव्हर वापरणाऱ्यांना फायरफॉक्स आता पूर्णपणे वापरता येईल.'

मूळ नोंदीचा क्रम इथे उलटा झाला आहे हे दिसेलच. जे तळाशी होते ते वर आले, कारण अपडेटनंतर वाचकाला तेच प्रथम भेटते. आणि ज्याने पहिला परिच्छेद वाचून सोडून दिले त्याचेही काम अडत नाही.

फायरफॉक्सच्या बाबतीत बॅकस्पेसला निदान वेगळा परिच्छेद मिळाला होता. बरेचदा सवय मोडणारी गोष्ट चांगल्या बातमीच्या पोटात असते. लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरच्या 24.2 या आवृत्तीत, जी 2024 च्या जानेवारीअखेरीस आली, अचानक बंद पडल्यास मजकूर वाचवणारी 'ऑटोरिकव्हरी' मूळ सेटिंगमध्येच चालू झाली आणि फाइलची बॅकअप प्रत करणेही चालू झाले. नवख्या वापरकर्त्याचे काम वाया जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच आहे. पण एकाच संगणकावर आळीपाळीने काम करणाऱ्या लोकांना, गोपनीय फाइल पुसून टाकताना तिची आधीची प्रत कुठे उरली आहे का हे आता पाहावे लागते. अशा बदलाची खूण म्हणजे पुन्हा तोच 'बाय डिफॉल्ट' हा शब्दप्रयोग. मूळ मूल्य बदलले की ज्याने ते सेटिंग स्वतः कधीच हाताळलेले नाही त्याच्यासाठी वागणूक बदलते. ज्याने ठरवून काही निवडले होते त्याची निवड सहसा कायम राहते. त्यामुळे एकाच खोलीतल्या दोन संगणकांवर वेगवेगळे घडू शकते, आणि सारांशात 'तुम्ही हे सेटिंग आधी बदलले नसेल तर' ही अट घालावी लागते. 'नो लाँगर', 'रिमूव्ह्ड', 'रिक्वायर्स' या शब्दांवरही नजर ठेवावी. 'डेप्रिकेटेड' याचा अर्थ मात्र 'काढले' असा नाही: ती गोष्ट आज चालते, पण पुढे केव्हातरी जाणार आहे. ती तिसऱ्या कप्प्यात 'आज काही बदलत नाही, पण यावर विसंबून नवे काम उभे करू नका' अशा शब्दांत जाते.

याच शब्दांनी सापडणारी, आणि सर्वांत जड, नोंद म्हणजे जुन्या संगणकांचा पाठिंबा थांबणे. 4 जुलै 2023 ची फायरफॉक्स 115 ही विंडोज 7, 8 आणि 8.1 वर चालणारी शेवटची मुख्य आवृत्ती ठरली. त्या संगणकांना पुढे केवळ दीर्घ पाठिंब्याच्या, म्हणजे एकाच आवृत्तीला बराच काळ मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणाऱ्या, शाखेतून अपडेट मिळू लागले. मूळ नोंदीत याला मोजकी वाक्ये होती. ज्यांचे संगणक नवे आहेत त्यांना ती वाचायचीही गरज नाही, आणि ज्यांचे जुने आहेत त्यांच्यासाठी त्या पानावर इतर काहीही तितक्या महत्त्वाचे नाही. अशा वेळी एकच सारांश सगळ्यांना पाठवण्यापेक्षा जुन्या संगणकांच्या वापरकर्त्यांना वेगळी चिठ्ठी पाठवलेली बरी.

आवृत्तीचा क्रमांक बदलाच्या आकाराबद्दल काही सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये. लिब्रेऑफिस 7.6 वरून थेट 24.2 वर गेले ते केवळ क्रमांकात वर्ष आणि महिना घालण्याचे ठरले म्हणून. क्रमांक उपयोगी पडतो तो वेगळ्या कामासाठी: वाचक कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर येत आहे हे पाहण्यासाठी. कोणी 84 वरून सरळ 87 वर आले तर त्याला 85 आणि 86 च्या नोंदीही लागू होतात, आणि जानेवारी 2021 मधल्या 85 व्या आवृत्तीतून अडोबी फ्लॅशचा पाठिंबा पूर्णपणे गेला होता. तो परत चालू करण्याचे कोणतेही सेटिंग नव्हते. फ्लॅशवर चालणारे जुने प्रशिक्षण-साहित्य वापरणाऱ्या संस्थेला 87 चा कितीही नेटका सारांश दिला तरी तिच्या कामाची नोंद त्यात सापडली नसती. दीर्घ पाठिंब्याची शाखा वापरणाऱ्या संस्था तर 78 वरून 91 वर गेल्या, म्हणजे बॅकस्पेसचा बदल त्यांच्याकडे बाकीच्यांपेक्षा कित्येक महिने उशिरा आणि इतर बारा आवृत्त्यांच्या गर्दीत आला. म्हणून सारांशाच्या पहिल्या ओळीत 'अमुक आवृत्तीवरून अमुक आवृत्तीवर' असे लिहावे, आणि मधल्या सगळ्या नोंदींमधून निदान तिसऱ्या कप्प्यातले तरी वेचून घ्यावे.

सारांशालाही वय असते, हे जाता जाता सांगायला हवे. वर ज्या पॉकेटच्या यादीची नवी जागा सांगायची असे म्हटले, ती पॉकेट सेवाच मोझिलाने जुलै 2025 मध्ये बंद केली. जुना सारांश कुठे टांगून ठेवला असेल तर त्यावर तारीख हवी.

काही वेळा तिसरा कप्पा रिकामा राहतो. तेव्हा तो गाळू नये. 'या आवृत्तीत सवय मोडेल असा बदल आढळला नाही' असे स्पष्ट लिहावे, कारण मौनाचा अर्थ 'काही नाही' आणि 'पाहिले नाही' असा दोन्ही प्रकारे घेतला जातो. आणि काही वेळा मूळ नोंदच रिकामी असते. मोबाइलवरील कित्येक ॲप दर काही आठवड्यांनी 'किरकोळ दुरुस्त्या आणि कार्यक्षमतेत सुधारणा' एवढेच लिहून नवी आवृत्ती सोडतात. अशा ओळीचा सारांश होऊ शकत नाही, आणि तिला तीन कप्प्यांत बसवण्याच्या नादात ॲप 'अधिक वेगवान झाले' असे लिहिणे म्हणजे जे कोणी म्हटलेले नाही ते आपण म्हणणे. तिथे आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख द्यावी, निर्मात्याने तपशील दिलेला नाही असे नमूद करावे, आणि ॲप उघडून रोजच्या दोन-चार कृती करून पाहिल्यावर काही वेगळे आढळले तर तेवढेच, स्वतःचे निरीक्षण म्हणून, खाली जोडावे.